आकड्यात साडेचार लाख, अक्षरात चार लाख पाच हजार: माझे 45,000 असे गेले

नाव लिहीत नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचंही नाही, कारण वकिलांनी तशी ताकीद दिली आहे. पण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात काजूचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. नोटा-पावत्यांवर सह्या देणाऱ्या-घेणाऱ्या बाकीच्यांनीही वाचावं.

मी मोठा व्यापारी नाही. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या लोकांच्या काजू बिया हंगामात गोळा करतो आणि एकत्र विकतो. गेल्या हंगामात 36 क्विंटल माल एका सावकाराला दिला. दर ठरला किलोला 125 रुपये. हिशोब सरळ आहे, 3,600 गुणिले 125 म्हणजे 4,50,000. पैसे गणपतीच्या आधी द्यायचे ठरलं आणि तोवर तो प्रॉमिसरी नोट लिहून देणार होता. उधारीवर माल देताना आमच्याकडे हे नेहमीचंच.

नोट त्याच्या दुकानातच त्याच्या दिवाणजीने लिहिली, कन्नडात. मी म्हटलं, ‘सावकार, मराठीत लिहा की, तुम्हालाही येतंय.’ त्यावर उत्तर आलं, ‘भाऊ, उद्या कोर्टात गेलं तर कन्नडच लागतंय. तुमच्याच फायद्याचं आहे.’ ही पहिली थाप. नोट अमुक भाषेतच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. मराठीत लिहिली तरी ती नोटच, कोर्टात गेल्यावर फार तर भाषांतर जोडावं लागतं. पण तेव्हा ते पटलं. मला कन्नड बोलता येतं, बाजारात मी त्यातच बोलतो, पण शाळा झाली मामाकडे चंदगडला, त्यामुळे वाचता येत नाही. सीमेवर राहणारे माझ्यासारखे कितीतरी आहेत, तेव्हा उगाच कुणी हसू नये.

नोटेवर आकडा इंग्रजीत होता, रु. 4,50,000/-. तो मी दोनदा बघितला. स्वल्पविराम जागच्या जागी, शून्यं बरोबर. त्याखाली अक्षरी रक्कम. सावकाराने बोट फिरवत मोठ्याने वाचलं, ‘नाल्कु लक्ष ऐवत्तु साविर.’ चार लाख पन्नास हजार. कानाला एकदम बरोबर. रेव्हेन्यू तिकिटावर आडवी सही झाली, चहा झाला, मी नोट घडी करून खिशात घातली.

कागदावर होतं ‘नाल्कु लक्ष ऐदु साविर’. चार लाख पाच हजार.

हे आठवलं की अजून डोकं फिरतं, कारण कन्नड न येणाऱ्यालाही ते दिसण्यासारखं होतं. ‘ऐवत्तु’ लिहिताना तीन अक्षरं होतात आणि शेवटच्या जोडाक्षराचा दुसरा त खाली लोंबतो. ‘ऐदु’ला दोनच अक्षरं आणि ओळीखाली काही नाही. ‘नाल्कु’च्या खाली लोंबतंय, ‘लक्ष’च्या खाली लोंबतंय आणि पुढचा शब्द मात्र सपाट आणि आखूड. मी त्या ओळीकडे बघत होतो. त्याचं बोट त्या शब्दावर थांबलंच नाही, तोंडाने तीन अक्षरं म्हणत ते दोन अक्षरांवरून सरकून ‘साविर’वर गेलं. मला तेव्हा वाटलं, याला घाई आहे.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट झाली. त्याच्या वहीत मालाची नोंद होती आणि तिच्यापुढे माझी सही पाहिजे होती. वही सगळी लाखात लिहिलेली. वर कुणाचे 3.20, खाली कुणाचे 1.75, मध्ये माझे 4.05. मी विचारलं, हे शून्य कसलं? तो म्हणाला, ‘चार पॉइंट पाच, साडेचार. आम्ही लाखात लिहितो.’ आता कागदावर मांडून बघा. साडेचार लाख म्हणजे 4.50. 4.05 लाख म्हणजे चार लाख पाच हजार. बोलताना दोन्ही ‘चार पॉइंट पाच’ म्हणून खपून जातात. शून्य कुठे आहे यावर 45,000 रुपये टांगलेले असतात. मी विचारलं होतं, हे लक्षात ठेवा. झोपेत सही केलेली नाही.

गणपतीच्या आधी पैसे आले. आरटीजीएसने, 4,05,000. मला वाटलं बाकीचे मागून येतील. फोन केला तर म्हणतो, ‘माल ओला होता, दर साडेबारा रुपयांनी कमी ठरला होता. 112.50 ने हिशोब करा. नोट वाचा.’ हिशोब केला. 3,600 गुणिले 112.50 बरोबर 4,05,000. म्हणजे बोट घसरलेलं नव्हतं, गोष्ट आधीच रचून ठेवलेली होती. शेजारची नववीतली कन्नड शाळेची मुलगी बोलावली. तिने एका दमात वाचलं, ‘काका, ऐवत्तु नाही, ऐदु आहे. वर आकडा वेगळाच आहे की.’ नववीतल्या मुलीला दिसलं.

मी तरीही निर्धास्त होतो. आकडा साफ 4,50,000 आहे, मग भीती कसली? वकिलांनी ती हवा काढली. 1881 चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम 18. रक्कम आकड्यांत एक आणि अक्षरांत दुसरी असेल तर अक्षरांतली धरायची. प्रॉमिसरी नोट, हुंडी, चेक सगळ्यांना तेच. कारण उघड आहे, आकड्यात एक शून्य घुसवणं सोपं, अक्षरांत खाडाखोड लपत नाही. म्हणजे जो नियम फसवणूक थांबवायला केला, त्याच्याच आडोशाला हा माणूस बसला. आकडा मला दाखवायला आणि अक्षरं कोर्टाला दाखवायला.

हेच चेकवर झालं असतं तर बँकेने अक्षर आणि आकडा जुळत नाही म्हणून तो परत केला असता आणि भानगड तिथेच उघडी पडली असती. नोट मध्ये कुणीच तपासत नाही. ती तुमच्या कपाटात पडून राहते.

एका शहाण्याने सल्ला दिला, त्या ‘ऐदु’चं ‘ऐवत्तु’ करा, कुणाला कळतंय. असलं चुकूनही करू नका. दुसऱ्याच्या संमतीशिवाय रकमेत बदल केला की कलम 87 खाली अख्खी नोट रद्द होते आणि गुन्हेगार तुम्ही ठरता.

आता पोलिसांचं ऐका. ठाण्यात गेलो तर आधी म्हणाले, आकडा तर बरोबर आहे, मग फसवणूक कसली? मी कलम 18 सांगितलं. मग म्हणाले, अक्षरांप्रमाणे पैसे मिळालेत ना, मग फसवणूक कसली? दोन्ही बाजूंनी फसवणूक नाहीच! पुढे म्हणाले, अर्ज कन्नडात आणा. म्हणजे ज्या भाषेत फसलो त्याच भाषेत तक्रार करायची. टायपिस्टला 300 रुपये दिले, अर्ज त्या मुलीकडून वाचून घेतला आणि मगच सही केली. एवढं करून हातात हिंबरह, म्हणजे लेखी शेरा टेकवला, तोही कन्नडात, की वाद दिवाणी स्वरूपाचा आहे, न्यायालयात जावे. माणूस खोटं वाचून दाखवतो, त्यासाठी वहीत वेगळी नोंद करून ठेवतो आणि हे दिवाणी! माझ्या आधी 3.20 वाला कोण, 1.75 वाला कोण, त्यांना किती मिळाले, एवढं त्या वहीवरून विचारायला कोणता कायदा आडवा येतो? साहेब वर नजरसुद्धा करत नव्हते. वरच्या ऑफिसात गेलो, त्यांनी अर्ज परत त्याच ठाण्याकडे पाठवला. लोकअदालतीत अर्ज टाकला, नोटीस गेली, सावकार आला नाही. दाव्याआधीच्या तडजोडीला समोरच्याने आलंच पाहिजे असं बंधन नाही. मग ती नोटीस पाठवता कशाला?

रस्ता नाही असं नाही. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम 26 आहे, फसवणुकीमुळे दस्तात खरा व्यवहार उतरला नसेल तर कोर्ट तो दुरुस्त करू शकतं. पण फसवणूक मी सिद्ध करायची. माझ्याकडे काय आहे? गावातल्या सगळ्यांच्या वजनाच्या चिठ्ठ्या आणि त्यांना 125 च्या हिशोबानेच वाटलेले पैसे. ते मी खिशातून भरले, कारण लोकांनी माल माझ्या तोंडाकडे बघून दिला होता. सावकाराकडे काय आहे? 4.05 पुढे माझी सही. वकिलांची फी आणि पुढच्या तारखा धरल्या तर 45,000 पैकी हातात काय उरेल ते तुम्हीच मोजा. नोटेवरच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे अजून ठरवतोय. नोट मात्र परत दिलेली नाही. त्याच्या वकिलाची नोटीस आली, तरीही नाही. पैसे कमी आले तेव्हाच ‘हे पूर्ण नव्हे, 45,000 बाकी’ असा मेसेज पाठवलेला आहे, तेवढं शहाणपण केलं. कमी पैसे आले की गप्प बसू नका, लगेच लेखी कळवा.

अक्षरी रक्कम ज्या भाषेत तुम्हाला वाचता येते त्या भाषेत घ्या. त्याला कन्नडात हवी असेल तर खाली मराठीतही लिहून घ्या, ‘रुपये चार लाख पन्नास हजार मात्र’, आणि दोन्हींवर सही. ‘रुपये’च्या आधी जागा सोडू नका, ‘मात्र’च्या पुढे ओळ संपेपर्यंत रेघ मारा. आकड्यानंतर ‘/-’ हवंच.

लाख-कोटीचे पॉइंट तर हद्दपारच करा. जमिनीच्या संचकारपत्रात मी आता बघतो, एका पानावर किंमत ‘1.2 कोटी’, दुसऱ्यावर ‘102 लाख’. 1.2 कोटी म्हणजे 120 लाख, 102 लाख म्हणजे 1.02 कोटी. मध्ये अठरा लाख. दोन्ही पक्ष नंतर आपापलं पान धरून बसतात. रक्कम पूर्ण रुपयांत लिहा, 1,20,00,000, आणि अक्षरांत ‘एक कोटी वीस लाख’. एकदा असं लिहिलं की कागदभर तसंच. वहीत सही मागितली तर आधी तिथेही अक्षरी रक्कम लिहायला लावा. नाही म्हटला तर माल टेम्पोतून उतरवू नका.

आणि वाचून दाखवतो म्हणणाऱ्याला वाचू देऊ नका. कागदाचा फोटो काढा, त्याच्या दुकानाबाहेरच्या कुणाला तरी पाठवा, उत्तर येईपर्यंत चहा प्या.

हा सावकार या हंगामातही जांबोटी, कणकुंबीकडे माल बघत फिरतोय असं ऐकतो. तुमच्याकडे कन्नडातली कुणाचीही जुनी नोट पडून असेल तर आज काढा आणि ‘साविर’च्या आधीचा शब्द बघा. रक्कम पन्नास हजारांची असेल तर तिथे खाली त लोंबलेला दिसला पाहिजे. नसेल तर पैसे येण्याची वाट न बघता वकिलाकडे जा.