पत्रिकेसाठी दहा बोटांचे ठसे मागणारा ईमेल

मुलीची पत्रिका काढण्यासाठी म्हणून मागवलेल्या कागदपत्रांच्या आधारे माझ्या बचत खात्यातून ३७,७०० रुपये काढले गेले. कोणी ओटीपी विचारला नाही, एटीएम कार्ड माझ्या खिशातून बाहेर निघाले नाही आणि पैसे निघाले तेव्हा मी वावरात होतो. आगाऊ दक्षिणा म्हणून भरलेले २,१०० रुपये धरले तर एकूण ३९,८०० रुपये गेले. हा सोयाबीनचा चुकारा होता आणि तो मुलीच्या लग्नासाठीच राखून ठेवला होता. असा ईमेल ज्यांना आला असेल किंवा येईल, त्यांनी पुढचे सगळे वाचावे.

पश्चिम विदर्भातल्या आमच्या गावात पत्रिका काढणारे महाराज वारल्यापासून या कामासाठी बाहेरच विचारावे लागते. मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली, मुलीची पत्रिका कधी केलेली नव्हती, आणि मोबाईलवरच्या जाहिरातीतल्या ज्योतिषाकडे आम्ही नाव नोंदवले. दक्षिणा भरल्यावर ईमेल आला. त्याचा मथळा होता, ‘नवीन यजमानांनी आधी जमवून ठेवावयाची माहिती व कागदपत्रे’.

या ईमेलचा पहिला अर्धा भाग अगदी बिनचूक होता आणि फसवणुकीचे मूळ तिथेच आहे. जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासह आणि जन्मस्थळ त्यात मागितले होते. जन्मस्थळ म्हणजे राहते गाव नव्हे, प्रत्यक्ष प्रसूती झाली ते ठिकाण, असा खुलासा होता. जन्मलग्न साधारण दोन तासांनी आणि नवमांश तेरा-चौदा मिनिटांनी बदलतो, म्हणून ‘पहाटेच्या सुमारास’ असे लिहू नये, असे बजावले होते. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ हवी असेल तर दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड शोधा किंवा प्रसूती नोंदवहीतला उतारा मागा, असेही त्यात होते. जन्म मध्यरात्रीनंतर पण सूर्योदयाच्या आधीचा असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, हेही सांगितले होते.

आमची मुलगी तिच्या आजोळी ग्रामीण रुग्णालयात रात्री १ वाजून ४० मिनिटांनी झाली. दाखल्यावर गुरुवारची तारीख आहे आणि तिची आजी मात्र पहिल्यापासून ‘बुधवारची पोर’ म्हणत आली. हा घोळ आम्हाला कोणी उलगडून सांगितला नव्हता, तो या ईमेलने एका वाक्यात उलगडला. पत्नीने पेटीतून डिस्चार्ज कार्ड काढले, त्यावर निळ्या शाईत वेळ लिहिलेली सापडली, आणि माणूस जाणकार आहे अशी आमची खात्री झाली. जाणकारी खरी असली की माणूसही खरा असेल असे कोणालाही वाटते. त्यात आमचे काही चुकले, असे मी मानत नाही.

दुसऱ्या भागात मागण्या बदलल्या. मुलीच्या पत्रिकेत नवम स्थान पित्याचे असते, म्हणून पित्याचेही हस्तसामुद्रिक पाहावे लागेल, असे लिहून माझ्या दोन्ही हातांचे ठसे मागितले होते. त्यासोबत माझ्या आधार कार्डाच्या दोन्ही बाजू आणि, काही कारणाने दक्षिणा परत करावी लागल्यास सोय व्हावी म्हणून, बँक पासबुकाचे पहिले पान मागितले होते. ठशांबद्दलची सूचना जशीच्या तशी देतो: ‘दहाही बोटांच्या अग्रांचे ठसे स्टॅम्प पॅडच्या शाईने कोऱ्या पांढऱ्या कागदावर स्वतंत्र घ्यावेत, बोट घासू नये, प्रत्येक ठशाखाली बोटाचे नाव लिहावे व कागद ६०० डीपीआयवर स्कॅन करून पाठवावा. मोबाईलने काढलेला फोटो चालणार नाही.’

मला थांबायला हवे होते ते इथे, आणि ही गोष्ट आजही मनातून जात नाही. हात पाहणाऱ्याला आयुष्यरेषा, मस्तकरेषा, हृदयरेषा हव्या असतात आणि त्या तळहातावर असतात. त्या ईमेलमध्ये तळहाताचा ठसा कुठेच मागितलेला नव्हता, फक्त बोटांची टोके मागितली होती. परंतु बोटांवरचे शंख आणि चक्र पाहण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, माझ्या आजोबांनीही आमच्या बोटांवरची चक्रे मोजली होती, त्यामुळे मागणी वावगी वाटली नाही. त्याने नेमकी आपल्याला ओळखीची असलेली रीत धरली.

तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मी तो कागद स्कॅनरवर ठेवला, तेव्हा दुकानातल्या मुलाने विचारले, “काकाजी, हे दहा बोटाचे ठसे कायले पायजेत?” मी म्हणालो, “पत्रिकेचं काम आहे.” तो म्हणाला, “पत्रिकेले ठसे?” आणि मग मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला. एका पानाचे दहा रुपये घेतले. त्याने आणखी एकदा विचारले असते तर कदाचित मी कागद घरी परत नेला असता.

गुणमेलनाला ठसे लागतच नाहीत, हे मला नंतर एका खऱ्या जोशांनी सांगितले. छत्तीस गुणांचा सगळा हिशेब, वर्णाच्या एका गुणापासून नाडीच्या आठ गुणांपर्यंत, दोघांच्या चंद्राची रास, नक्षत्र आणि चरण यांवरून निघतो, आणि मंगळ पाहायला जन्मलग्न लागते. म्हणजे तारीख, वेळ आणि स्थळ एवढ्यात काम संपते. ज्योतिषाला कागद म्हणून काही द्यायचेच असेल तर डिस्चार्ज कार्डावरची वेळेची ओळ तेवढी द्या, बाकीचे कार्ड झाकून फोटो काढा. आधार, पासबुक, सातबारा, सही, यांतले काहीही पत्रिकेला लागत नाही.

पैसे कसे निघाले ते सांगतो, कारण आमच्या भागात ओटीपी दिला नाही म्हणजे आपण सुरक्षित, असे अजूनही पुष्कळ लोक समजतात. आधारवर चालणाऱ्या व्यवहारात, म्हणजे गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून आपण पैसे काढतो त्या पद्धतीत, तीनच गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा. ओटीपी नाही, पिन नाही, कार्ड नाही. कागदावरच्या स्वच्छ ठशावरून रबराचे किंवा सिलिकॉनचे बोट बनवून ते मशीनवर ठेवल्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी उघडकीस आले आहेत. त्या एका ईमेलने माझ्याकडून तिन्ही गोष्टी घेतल्या, आणि ठशाखाली बोटाचे नाव माझ्याच अक्षरात लिहून घेतले.

शुक्रवारी संध्याकाळी ९,५०० आणि १०,००० रुपये गेले, शनिवारी १०,००० आणि ८,२०० रुपये. वावरात रेंज नसते, त्यामुळे चारही मेसेज शनिवारी रात्री एकदम आले. तो दुसरा शनिवार होता, बँक सोमवारीच उघडणार होती. त्याच रात्री १९३० या क्रमांकावर फोन केला, बराच वेळ थांबल्यावर तक्रार नोंदवली गेली आणि क्रमांक मिळाला. एवढे एक काम नीट झाले.

त्यापुढचा अनुभव पैसे जाण्याइतकाच संतापजनक आहे. बँकेत सोमवारी सकाळी पहिला माणूस मी होतो. साहेबांनी पडद्यावर पाहिले आणि म्हणाले, “अंगठा तुमचाच जुळला आहे, बँक काय करणार?” पैसे दुसऱ्या राज्यातल्या मशीनवर निघाले आणि त्या वेळी मी गावात होतो, हे सांगितल्यावर उत्तर मिळाले की एफआयआर आणा. पोलीस ठाण्यात सांगितले की बँकेचा शिक्क्याचा उतारा आणा. उतारा नेला तेव्हा कळले की हे प्रकरण जिल्ह्याच्या सायबर शाखेचे आहे, आणि तिथे कळले की आधी ठाण्यातूनच कागद यायला हवा. एका हवालदाराने तर सगळ्यांसमोर विचारले, “शिकलेले दिसता, मग ठसे दिले कशाला?” चोर कुठे बसला आहे हे शोधण्यापेक्षा तक्रार करणाऱ्याची लाज काढणे सोपे असते. अर्ज घेतला, पण पोच मागितल्यावर ती उद्या मिळेल असे सांगितले. मी पोच हातात पडेपर्यंत बाकावरून उठलो नाही, आणि तुम्हीही उठू नका.

बँकेचे लेखी उत्तर आले ते असे की ‘बायोमेट्रिक पडताळणी यशस्वी झाल्यामुळे व्यवहार ग्राहकाने केल्याचे समजण्यात येते’. हे त्यांनी समजायचे नसते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकलेला आहे, आणि चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही अशा प्रकारात मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर बोजा पडत नाही. बँक आता निष्काळजीपणाचा मुद्दा काढते आहे. मी पिन कोणाला दिला नाही, ओटीपी दिला नाही, बँक ज्या ज्या गोष्टी देऊ नका म्हणून मेसेज पाठवते त्यातली एकही दिली नाही. बोटांचे ठसे देऊ नका असा एकही मेसेज बँकेने मला कधी पाठवला नाही, आणि आधार खात्याला जोडल्यावर अंगठ्याने पैसे काढायची सोय आपोआप चालू राहते हेही सांगितले नाही. योजनांचे पैसे यावेत म्हणून आधार जोडायला लावले ते त्यांनीच.

माझ्या बाजूने सर्वात उपयोगी पडला तो आधारच्या संकेतस्थळावरचा पडताळणीचा इतिहास. myaadhaar.uidai.gov.in वर मोबाईलच्या ओटीपीने आत गेले की आपला आधार कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या संस्थेमार्फत आणि ठशाने की ओटीपीने वापरला गेला, हे मागच्या सहा महिन्यांपर्यंतचे दिसते. चारही नोंदी तिथे होत्या. शिवाय शनिवारी दुपारी व्यवहार झाला त्या वेळी मी गावच्या रेशन दुकानात होतो असे कोणी म्हणू नये म्हणून दुकानदाराकडून माझ्या पावतीची वेळही लिहून घेतली, आणि ती वेगळी निघाली.

त्याच संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करता येते. ते आजच करा, पत्रिका काढायची असो वा नसो. लॉक असताना रेशन दुकानात आपला अंगठा लागत नाही, तेव्हा तिथे जाण्याआधी थोड्या वेळापुरते उघडावे लागते. दुकानदार कटकट करतो, करू द्या. आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत उतरवून घ्या. चुकाऱ्याचे पैसे आणि योजनांचे पैसे एकाच खात्यात ठेवू नका. आधार जोडलेल्या खात्यात थोडीच रक्कम असू द्या. शाई लावलेले बोट कोणाच्याही कागदावर उमटवण्याआधी तो कागद कुठे जाणार ते विचारा. आणि तो ईमेल रागाने पुसून टाकू नका. माझ्या पुतण्याने तो पुसला होता, नशिबाने कचराकुंडीच्या फोल्डरमधून परत मिळाला.

बँकेने नकार दिल्यावर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. त्याला पैसे लागत नाहीत. बँकेने नकार दिला किंवा तीस दिवसांत उत्तरच दिले नाही तर ती करता येते. तक्रारीला १९३० चा क्रमांक, ठाण्याची पोच, बँकेचे उत्तर, आधारच्या इतिहासाची छापील प्रत आणि तो पूर्ण ईमेल जोडला आहे. निर्णय अजून आलेला नाही. ज्यांना याच मथळ्याचा ईमेल आला असेल त्यांनी आपल्या ठाण्यात तशी नोंद करावी, म्हणजे निदान तक्रार एकट्या माझी राहणार नाही.