पॉवर बँक ‘२०,०००’ची, आत लोखंडी पट्टी

पावसात आमच्याकडे बार्देशात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका टेबलवाल्याकडून पॉवर बँक घेतली. वर ठळक अक्षरांत २०,००० एमएएच, किंमत साडेपाचशे, बिल नाही. हातात घेतली तर चांगली जड लागली. जड म्हणजे अस्सल, असं तो विकणाराही म्हणाला.

पहिली शंका आली ती चार्जिंगवरून. आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७ असतो आणि बाहेर ५ व्होल्ट द्यावे लागतात, त्यामुळे अस्सल २०,००० च्या बँकेतूनही १२-१३ हजारच हाती लागतात. तेवढ्यात ५,००० चा फोन साधारण अडीचदा भरायला हवा. आमचा एकदा भरला आणि दुसऱ्यांदा निम्म्यावरच अडकला.

मग एका सकाळी जावेने ती टेबलावर ठेवली आणि ती भोवऱ्यासारखी फिरली. पोट फुगलं होतं, कडेची शिवण उसवली होती, नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत होता. रात्रभर ती चार्जिंगला होती, तीही गादीवर उशीशेजारी. फुगणं म्हणजे आतलं इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन झालेला वायू. हलक्या प्रतीचा सेल, जास्त चार्ज आणि उष्णता अडकवणारी गादी एकत्र आली की हे होतं. चांगल्या बँकेत सेल भरला की चार्जिंग तोडणारं सर्किट असतं, स्वस्तात नेमकं तेच वगळतात.

ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने ती अंगणात नेऊन उघडली. (हे घरी करू नका, सेल टोचला तर पेट घेतो.) आत दोन चपटे सेल आणि वजनासाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी. मागे आर-नंबर, म्हणजे बीआयएस या भारतीय मानक संस्थेचा नोंदणी क्रमांक, छापलेला होता, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घातला तर भलत्याच कंपनीच्या अ‍ॅडॅप्टरचा निघाला! खरेदीआधी टेबलापाशी उभं राहून हे दोन मिनिटांत कळलं असतं, आणि माझ्या मते वजनापेक्षा हीच तपासणी भरवशाची.

आता घरी चार्जिंग संध्याकाळी, जागं असताना, कडप्प्याच्या ओट्यावर. गादी, सोफा बंद. लॅपटॉपला सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा आहे, ती लावली. त्याचा टचपॅड वर आला किंवा झाकण नीट बसेना, तर ती बॅटरीही फुगलीय असं समजायचं. फुगलेली वस्तू दाबायची नाही, पुन्हा चार्ज करायची नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही. आम्ही ती पत्र्याच्या डब्यात वाळू घालून घराबाहेर ठेवली आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिली.

विकणारा पुढच्या शुक्रवारी त्या जागी नव्हता. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पण कोणाविरुद्ध, हे लिहायला आमच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता.