कंटेनर ट्रेलरसाठी ट्रक-मार्ग ॲप: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

न्हावा शेवा ते चाकण आणि महाडच्या औद्योगिक वसाहती या पट्ट्यात आमचे कंटेनर ट्रेलर चालतात, आणि त्यांच्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणारे एक ट्रक-मार्ग ॲप गेले काही महिने आम्ही वापरत आहोत. गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन एकदा भरले की ते ठेंगणे पूल व कमी भारक्षमतेचे रस्ते टाळून मार्ग देते. हे काम ते प्रामाणिकपणे करते, परंतु आपण भरलेला आकडा खरा असला तरच. आणि तो आकडा जाताना एक व येताना दुसरा असतो.

हायक्यूब कंटेनर 2.9 मीटर उंच असतो. आमच्या ट्रेलरचा तळ माल भरल्यावर जमिनीपासून 1.50 मीटरवर असतो, म्हणजे एकूण 4.40 मीटर. माल उतरल्यावर पाटे मोकळे होतात, तळ 1.56 मीटरवर येतो आणि तीच गाडी 4.46 मीटर होते. वजनाचे मात्र उलट. भरलेली गाडी वजनकाट्यावर 40 टनांच्या आसपास भरते, रिकामी 16 टनांच्या आत. म्हणून 20 टनांची पाटी असलेला जुना पूल परतताना चालतो, पण जाताना सहज निघालेला रेल्वेखालचा रस्ता परतताना छप्पर अडवू शकतो. आम्ही प्रत्येक गाडीची ‘भरलेली’ आणि ‘रिकामी’ अशी दोन प्रोफाइल केली असून ॲपचा खरा उपयोग तेव्हापासूनच होऊ लागला. जाण्या-येण्याला एकच प्रोफाइल ठेवणाऱ्यांना हे ॲप अर्धेच उपयोगी पडेल.

पाटीवरची उंचीही जशीच्या तशी घेता येत नाही. भुयारी मार्ग मध्ये खोलगट असतो. लांब ट्रेलरची पुढची व मागची चाके दोन्हीकडच्या उतारांवर असताना मधला भाग खोलगटीच्या तळापासून नेहमीपेक्षा वर राहतो. चाकांमधले अंतर 10 मीटर आणि रस्त्याच्या उभ्या वक्राची त्रिज्या 150 मीटर असेल, तर हा फरक साधारण 8 सेंटीमीटर येतो. 4.50 मीटरच्या पाटीखालून आमची भरलेली गाडी (4.48) जेमतेम सुटेल, रिकामी (4.54) अडकेल. त्यातच डांबराचा नवा थर पडला आणि पाटी जुनीच राहिली, तर हिशेब आणखी बिघडतो. यासाठी ॲपमध्ये मोजलेल्या उंचीपेक्षा 15 सेंटीमीटर जास्त भरावे, असे माझे मत आहे. मार्ग थोडा लांबतो, डिझेल जाते. कंटेनरचे छप्पर फाटण्यापेक्षा ते परवडते.

नकाशातील माहितीचीही एक मर्यादा आहे. पुलाखालच्या रस्त्यावर `maxheight` नोंदलेलेच नसेल, तर ॲप तो रस्ता मोकळा धरते. ग्रामीण भागातील रेल्वेखालच्या बोगद्यांबाबत हे वारंवार दिसते. याहून फसवी गोष्ट म्हणजे ही नोंद खालच्या रस्त्याऐवजी वरच्या पुलावर पडलेली असणे. मग पुलावरून जाणारी गाडी विनाकारण वळवली जाते आणि खालून जाणाऱ्या गाडीला कोणी अडवत नाही. चांगला, रुंद उड्डाणपूल ॲप उगाच टाळत असेल, तर हाच घोळ आहे का ते आधी पाहावे. नोंद कोणालाही दुरुस्त करता येते, पण ऑफलाइन नकाशा पुन्हा उतरवून घेतल्याखेरीज ती गाडीतल्या फोनवर दिसत नाही.

शहरातील नो एंट्रीच्या बाबतीत मी या ॲपवर विसंबत नाही. नकाशात वेळेची अट अशी लिहिता येते:

```
hgv:conditional=no @ (07:00-11:00,17:00-22:00)
```

आमचे ॲप ही अट निघण्याच्या वेळेशी ताडते, त्या ठिकाणी पोहोचण्याच्या वेळेशी नाही. पहाटे पाचला निघालेली गाडी आठला शहराच्या वेशीवर पोहोचते आणि नो एंट्री सुटेपर्यंत रस्त्याकडेला उभी राहते. शिवाय वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेत दूध, भाजीपाला, इंधन अशा गाड्यांना सूट असते. ती या एका ओळीत मावत नाही. त्यामुळे अधिसूचना स्वतः वाचून वेळा ड्रायव्हरला कागदावर लिहून देणे आम्ही सोडलेले नाही.

घाटांचेही तसेच आहे. भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट अलीकडच्या पावसाळ्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने अवजड वाहनांना बंद ठेवला जातो, परंतु पुण्याहून महाड विचारले की ॲपला तो जवळचा दिसतो. आदेश निघाला की आम्ही तो घाट ‘टाळायचे रस्ते’ या यादीत टाकतो. मग ॲप ताम्हिणी सुचवते. आम्ही मात्र मध्ये खोपोलीचा थांबा घालून पाली, वाकण, माणगाव असा मार्ग घेतो, कारण लांब ट्रेलरला ताम्हिणीची वळणे पावसात नकोत. ही नोंद काढण्याची आठवण ॲप करून देत नाही, त्यामुळे आदेश उठल्यावर ती हाताने काढावी लागते.