"सर्व्हर डाऊन आहे, परत अंगठा लावा"

बचत गटातल्या बायकांना 'ओटीपी कुणाला सांगू नका' हे आता पाठ झालंय. पण आधारवरून पैसे काढताना ओटीपीही लागत नाही आणि पिनही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढं पुरतं. आणि नेमका तिथेच डाव साधला जातो.

समजा, सदस्याच्या खात्यात 4,620 रुपये आहेत. ती लाडक्या बहिणीचे 1,500 काढायला बँक मित्राकडे जाते. पहिला अंगठा लागतो, तो म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, परत लावा." दुसऱ्यांदा अंगठा लागला की तो 1,500 हातात देतो. खात्यात उरायला हवेत 3,120, उरतात 1,620. पहिला व्यवहारही झालेलाच असतो. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर जुना असेल तर मेसेजही येत नाही, आणि पासबुक भरेपर्यंत पत्ता लागत नाही.

दुसरा प्रकार आणखी साधा. ताई म्हणतात, "शिल्लक बघा." स्क्रीनवर तो Cash Withdrawal निवडतो. शिल्लक बघायची असो वा पैसे काढायचे, अंगठा तसाच लावायचा असतो. म्हणून बोट ठेवण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्यायची आणि रक्कम वाचायची. वाचता येत नसेल तर सोबत कुणाला न्यावं, यात लाजण्यासारखं काही नाही.

पहिला अंगठा फेल गेला म्हणाला, तर त्या फेल व्यवहाराची पावती मागा. ती हातात आल्याशिवाय दुसरा अंगठा नाही. देत नसेल तर तिथून उठा.

विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "पैसे आपोआप परत येतील." हे अर्धंच खरं आहे. खात्यातून पैसे वजा झाले पण केंद्राच्या मशीनवर व्यवहार पूर्ण झाल्याचं आलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते परत यायला हवेत, उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई. पण इथे व्यवहार यशस्वी म्हणून नोंदलेला असतो. तो आपोआप उलटत नाही. वाट बघण्यात फक्त तक्रारीचे दिवस जातात.

म्हणून त्याच दिवशी आपल्या शाखेत जाऊन पासबुक भरा. एकाच दिवशी 1,500 च्या दोन नोंदी दिसल्या तर लेखी अर्ज द्या, त्यात व्यवहाराचा 12 अंकी आरआरएन क्रमांक लिहा आणि पोचेचा शिक्का घ्या. 3 कामाच्या दिवसांत अर्ज पोचला तर बाजू भक्कम राहते. सोबत 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आधारच्या अधिकृत अॅपमधून बोटांचे ठसे लॉकही करता येतात, म्हणजे तुमच्या अंगठ्यावर व्यवहारच होत नाही. पैसे काढायचे त्या वेळी तात्पुरतं उघडायचं, ते थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. मात्र रेशन दुकानातही अंगठाच लागतो. रांगेत नंबर जवळ आला की मगच लॉक उघडा, नाहीतर तिथे मशीन अंगठा नाकारेल.