फाटका मेश: स्लायसरवर सोडायचा, हातानं शिवायचा की रिमेश मारायचा?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका पॅटर्नवाल्या मामांनी पेनड्राइव्ह आणून दिला. पंपाच्या झाकणाचा पॅटर्न होता, म्हणजे ओतकामाच्या मातीत दाबून साचा करायचा नमुना, तो थ्रीडी प्रिंटरवर छापायचा होता. फाइल उघडली तसा मॉडेलचे छपाईसाठी थर पाडणाऱ्या स्लायसरनं उद्गारचिन्ह दाखवलं आणि मामा वाकून म्हणाले, ''हे लाल लाल काय दाखवुलंय?'' मेश म्हणजे त्रिकोणांनी विणलेलं मॉडेलचं कातडं, आणि लाल म्हणजे त्यातल्या उघड्या आणि गोंधळलेल्या कडा. अशी फाइल समोर आली की तीन वाटा असतात: स्लायसरलाच दुरुस्त करू द्यायचं, ब्लेंडरमध्ये हातानं करायचं, किंवा अख्खा मेश वितळवून नवा घडवायचा, म्हणजे रिमेश. कुठली घ्यायची हे चुकांच्या आकड्यावरून ठरवू नका. का, ते या झाकणावरच बघू.

झाकण साधंच होतं. 180 मिमी व्यासाची, 12 मिमी जाडीची प्लेट, मध्ये 60 मिमीचं आरपार भोक, कडेला 22 मिमी व्यासाचे आणि 15 मिमी उंचीचे चार बॉस म्हणजे गोल उंचवटे, आणि भोकापासून बॉसकडे जाणाऱ्या रिबा म्हणजे आधाराच्या पट्ट्या. काढलं होतं स्केचअपमध्ये. ब्लेंडरच्या एडिट मोडमध्ये एज सिलेक्ट ठेवून `Select > All by Trait > Non Manifold` केलं, तर शंभर कडा निवडल्या गेल्या.

धड मेशमध्ये प्रत्येक कडेला नेमकी दोन पृष्ठं भेटतात. एकच भेटलं तर तिथं भोक आहे, तीन किंवा जास्त भेटली तर तिथं गुंता आहे. ब्लेंडर दोन्ही तऱ्हेच्या कडांना नॉन-मॅनिफोल्ड म्हणतं. आता शंभरचा हिशेब बघा. स्केचअप वर्तुळ मुळात 24 बाजूंचं काढतं. प्लेटवर वर्तुळ काढून बॉस वर ओढताना त्याच्या तळाची चकती आतच राहून गेली होती. त्यामुळे बॉसच्या बुडाशी प्रत्येक कडेला तीन पृष्ठं: प्लेटचा वरचा भाग, बॉसची भिंत आणि ती विसरलेली चकती. चार बॉस, प्रत्येकी 24, झाल्या 96. एका रिबच्या टोकाला एक त्रिकोण गळला होता, त्याच्या 3. आणि एका रिबचा कोपरा बॉसला एकाच रेषेवर जेमतेम टेकला होता, तिथं चार पृष्ठं एका कडेवर, ती 1.

म्हणजे चुका शंभर, पण दुखणी तीनच. आणि त्यातली 96 कडांची चूक सगळ्यात निरुपद्रवी! झाकण प्रिंटरच्या बेडवर आडवं ठेवलं तर त्या चकत्या बेडला समांतर येतात. 0.2 मिमीच्या थरांत स्लायसर 11.9 आणि 12.1 मिमीवर कापतो, 12 वर कापतच नाही, त्यामुळे चकतीची रेघ कुठल्याच थरात येत नाही. तीच फाइल उभी करून छापलीत तर मात्र चकती बॉसमधून जाणाऱ्या प्रत्येक थरात आडवी रेघ म्हणून घुसू शकते. उलट ती एकुलती एक कड खरी डोकेदुखी असते. रिब बॉसला जोडायची की सुटी ठेवायची, हे चित्र काढणाऱ्याच्या मनात असतं. सॉफ्टवेअरला ते कळणार कसं?

पहिल्या वाटेची अडचण नेमकी ही. प्रुसास्लायसरमध्ये विंडोजवर राइट क्लिक करून `Fix by Windows repair algorithm` मिळतं, लिनक्सवर ते मिळत नाही. बारीक भोकं, एखादा उलटा त्रिकोण, एवढंच असेल तर ते चालवा आणि मोकळे व्हा. पण इशारा गेला म्हणजे आकार बरोबर झाला, असं नाही. मी एकदा दुसऱ्याच जॉबमध्ये घाईनं असं केलं, लाल गेलं, छापूनही झालं आणि मग कळलं की एक रिब बॉसपासून केसभर सुटी राहिली आहे. साच्याच्या मातीनं ती फट बरोबर भरून घेतली. दुरुस्तीनंतर थरांचं प्रीव्ह्यू खालून वर एकदा सरकवून बघितलं असतं तर दोन मिनिटांत सापडली असती.

स्लायसरमधली आणखी दोन बटणं जपून वापरा. प्रुसास्लायसरच्या `Slicing mode` मध्ये `Close holes` आहे. नाव बघून वाटतं, मेशची भोकं बुजवेल. ते प्रत्येक थरातली आतली भोकं बुजवतं, म्हणजे आपलं 60 मिमीचं भोकही गेलं. क्युराचं `Union Overlapping Volumes` एकमेकांत घुसलेले भाग जोडायला छान, पण मुद्दाम ठेवलेली आतली पोकळीही त्यात भरली जाऊ शकते.

दुसरी वाट हाताची. या झाकणाला मला वीसेक मिनिटं लागली. आधी `M` दाबून `Merge by Distance`, म्हणजे एकाच जागी असलेले दोन-दोन बिंदू एक होतात. मग त्या चार चकत्या. ब्लेंडरमध्ये `Interior Faces` निवडायची सोय आहे, पण एसटीएल फाइलवर ती फसते: चकतीचे 22 त्रिकोण झालेले असतात, आणि ही निवड सगळ्याच कडांना दोनपेक्षा जास्त पृष्ठं असलेलं पृष्ठ शोधते. आतल्या तिरक्या कडांना दोनच असतात. म्हणून आधी `Mesh > Clean Up > Limited Dissolve` करून चकती पुन्हा एकसंध करायची. तिथं कोन मुळात 5° असतो, तो 1° करा. आपल्या प्लेटचा घेर 96 बाजूंचा होता, म्हणजे दोन बाजूंत 3.75° चा फरक. 5° ठेवला असता तर गोल कड खडबडीत झाली असती. चकत्या निवडून पृष्ठं पुसली की 96 कडा गेल्या.

गळलेल्या त्रिकोणाच्या तीन कडा निवडून `F`. जेमतेम टेकलेली रिब अर्धा मिलिमीटर बॉसमध्ये ढकलायची आणि बूलियन युनियननं जोडायची. शेवटी सगळं निवडून `Shift+N`, म्हणजे नॉर्मल, प्रत्येक पृष्ठाच्या तोंडाची दिशा, बाहेर वळतात. ओव्हरलेमध्ये `Face Orientation` लावलं की बाहेरून सगळं निळं दिसायला हवं. लाल दिसलं तर ते पृष्ठ अजून उलटंच आहे. भोकं बुजवायच्या आधी `Shift+N` मारू नका, उघड्या मेशला आत-बाहेर नीट कळत नाही.

मामांना पटावं म्हणून घनफळही ताडून पाहिलं. नुसती प्लेट कागदावर 271 घन सेंमी येते, चार बॉस मिळून 23 च्या आसपास, वर रिबा. ब्लेंडरच्या `3D Print Toolbox` या अ‍ॅड-ऑनमधलं `Volume` याच्या जवळ आलं तर ठीक. फारच कमी किंवा भलतंच आलं तर एखादा भाग उलटा राहिला समजा.

तिसरी वाट रिमेश. `Voxel Remesh` मेशला ठोकळ्यांत मोजून नवं कातडं चढवतो, आतल्या चकत्या, उलटे नॉर्मल, एकमेकांत घुसलेले भाग, सगळं एका फटक्यात जातं. किंमत अशी की धारदार कडा बोथट होतात आणि मापं व्हॉक्सेलच्या आकाराइतकी डळमळतात. बिडाच्या आकुंचनासाठी पॅटर्नला साधारण 1% वाढ देतात, 180 मिमीला 1.8 मिमी. तेवढं जपून मोजणाऱ्यानं 0.5 मिमीचा व्हॉक्सेल मारणं म्हणजे तराजूला दगड बांधणं. पॅटर्नवर मी रिमेश मारत नाही.

गणपतीच्या मूर्तीचा मोबाइलच्या फोटोंवरून केलेला स्कॅन असेल तर मात्र मी हातानं शिवत बसणार नाही. तिथं चुका हजारोंनी असतात आणि सोंडेचा कोपरा अर्धा मिलिमीटर गोल झाला तर कोणाला कळत नाही. फक्त एक गोष्ट आधी करायची: स्कॅनचा तळ बहुधा उघडा असतो, तो कापून सपाट करून `F` नं बंद करायचा. तळ उघडा ठेवून रिमेश मारलात तर आतला भाग भरीव न होता मूर्ती पातळ टरफलासारखी होते, आणि प्रीव्ह्यूत आतल्या भरावाच्या म्हणजे इन्फिलच्या जागी दुहेरी भिंत दिसते.