दात पांढरे करायचेत: खुर्चीत बसून की घरच्या ट्रेने?

स्केलिंग झालंय, किडलेले दात भरून घेतलेत आणि आता ब्लीचिंगचा विचार चाललाय, असं धरून लिहितोय. मी दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत.

दवाखान्यात हिरड्यांवर संरक्षक थर लावतात आणि दातांवर साधारण 25 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल लावतात. तासाभरात फरक दिसतो. घरी मात्र दाताच्या मापाचा पातळ ट्रे असतो आणि 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड. हे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडइतकं पडतं. प्रत्येक दाताच्या खाचेत तांदळाच्या दाण्याएवढं जेल घालून ट्रे रात्रभर ठेवायचा. दोनेक आठवडे लागतात.

माझा निर्णय दातांत येणाऱ्या सणकेनं केला. खुर्चीतून उठल्यावर रात्री पुढच्या दातांत विजेसारखी कळ येत राहिली आणि तेव्हा करण्यासारखं काहीच नव्हतं, कारण पेरॉक्साइड आत मुरून गेलेलं होतं. सणक ट्रेनेही येते, पण त्या रात्री ट्रे लावायचा नाही, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरायची आणि बरं वाटलं की पुढे चालू करायचं. ही लगाम हातात असणं मला फार मोलाचं वाटलं. शिवाय खुर्चीतल्या पांढरेपणाचा काही भाग दात कोरडे पडल्यामुळे दिसतो. ते पुन्हा ओले झाले की काही दिवसांत रंग थोडा उतरतो. लग्न चार दिवसांवर असेल तर अर्थात खुर्चीच बरी.

इनॅमलची भीती बऱ्याच जणांना असते. 10 टक्क्यांचं जेल डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरलं तर लक्षणीय झीज होत नाही. खरी झीज कोळशाची पूड आणि लिंबू-सोडा करतात. दाताचा पिवळेपणा बहुतांशी आतल्या डेंटिनचा असतो आणि इनॅमल अर्धपारदर्शक. ते घासून पातळ केलं की पिवळं अधिकच दिसतं.

चहा, तंबाखूचे आणि वयाचे पिवळे डाग चांगले निघतात. करडे हट्टी असतात. माझ्या मावसभावाला लहानपणी टेट्रासायक्लिन दिलं होतं. दात तयार होत असतानाच ते औषध कॅल्शियमशी जोडलं जाऊन डेंटिनमध्ये बसतं, म्हणून त्याच्या दातांवर आडवे करडे पट्टे आहेत. ट्रे कित्येक महिने लावून ते फिकट झाले, गेले नाहीत. हिरडीजवळचा पट्टा तर जवळपास तसाच आहे. फ्लोरोसिसचे पांढरे ठिपके तर सुरुवातीला उलट उठून दिसतात. फिलिंग आणि कॅपचा रंग मुळीच बदलत नाही. पुढच्या दाताचं फिलिंग बदलायचं असेल तर ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबा. त्याआधी नवं फिलिंग दाताला नीट चिकटत नाही.

एकच दात काळपट असेल तर दोन्हीपैकी काहीही निवडण्याआधी त्याचा एक्स-रे काढा, नस मेलेली असू शकते.