घड्याळावर नंबर सुरू करताना फोनचंच सिम गेलं

एका ग्राहकाच्या नव्या सेल्युलर स्मार्टवॉचवर ‘अ‍ॅक्टिव्हेट होत आहे’ हा संदेश तासन् तास तसाच होता. त्याने मोबाइल कंपनीच्या सोशल मीडिया पानावर नंबरसकट तक्रार लिहिली. थोड्याच वेळात फोन आला. समोरचा ‘कंपनीतून’ बोलत होता. त्याने ईआयडी, म्हणजे ई-सिमचा ३२ अंकी ओळख क्रमांक, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तो कंपनीला एसएमएस करायला लावला आणि आलेला कोड विचारून घेतला. दहा मिनिटांत ग्राहकाच्या फोनची रेंज गेली. घड्याळ सुरू होण्याआधी असं होतंच, असं सांगून त्याला थांबवून ठेवलं. तेवढ्या वेळात बँकेचे ओटीपी भामट्याच्या फोनवर जात होते.

तो ईआयडी घड्याळाचा नव्हताच, भामट्याच्या फोनमधल्या ई-सिमचा होता. ग्राहकाने स्वतःच्या हाताने सिम बदलण्याची विनंती पाठवली होती.

इथला फरक नीट समजून घ्या. घड्याळाच्या ई-सिमला नेटवर्कमध्ये स्वतःची वेगळी ओळख असते. कंपनी ती तुमच्या नंबरला जोडते आणि कॉल आला की दोन्हीकडे वाजतो. म्हणजे नंबर शेअर करताना फोनचं सिम चालूच राहतं. सिम बदलताना मात्र जुनं सिम बंद होतं. ‘घड्याळासाठी फोनची रेंज थोडा वेळ जाईल’ असं कुणी म्हणालं, तर तो माणूस खोटं बोलतोय.

खरी प्रक्रिया फोनमधल्या घड्याळाच्या अ‍ॅपमधूनच होते. सेल्युलर किंवा मोबाइल प्लॅन निवडला की कंपनीचं लॉगिन उघडतं आणि घड्याळाचा ईआयडी बहुतेक वेळा आपोआप जातो. तो कुठे हाताने भरावा लागलाच, तर घड्याळाच्या सेटिंगमधल्या ‘अबाउट’मध्ये पाहून एकेक आकडा ताडून घ्या. ईआयडी ८९ने सुरू होतो. सिमकार्डाचा क्रमांकही ८९नेच सुरू होतो, पण तो १९ किंवा २० अंकी असतो, म्हणून गल्लत होते. ‘अबाउट’मध्ये ईआयडीच दिसत नसेल, तर बहुधा घड्याळ फक्त जीपीएसचं आहे आणि त्यावर प्लॅन चालणार नाही.

अडकण्याची कारणं बहुधा साधी असतात: प्लॅनमध्ये घड्याळाची सोय नसणं (प्रीपेड आणि ऑफिसच्या नंबरांवर हे फार होतं), घड्याळाचं सॉफ्टवेअर जुनं असणं, किंवा जुन्या घड्याळात आधीच्या मालकाचा प्लॅन राहिलेला असणं. यातलं एकही कारण अनोळखी माणसाला कोड सांगून सुटत नाही.

सुरू झालं की फोन पूर्ण बंद करा, घड्याळाचं वायफाय बंद करा आणि घड्याळावरून कॉल लावून पाहा. उलट मधेच फोनची रेंज गेली, तर दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला नंबर बंद करायला सांगा आणि लगेच बँकेला खात्यातले व्यवहार थांबवायला सांगा.